उष्णता समीकरण संगणकावर सोडवताना: टाइम स्टेप किती घ्यायची?

एम.टेक.च्या दुसऱ्या सत्रात मला एका धातूच्या कांबीचं तापमान वेळेनुसार कसं बदलतं ते प्रोग्रॅम लिहून काढायचं होतं. कांबीचे शंभर भाग केले, प्रोग्रॅम चालला, आलेख छान गुळगुळीत आला. सबमिशनच्या आदल्या रात्री हाव सुटली. आलेख अजून देखणा यावा म्हणून शंभराचे दोनशे भाग केले, बाकी काहीही बदललं नाही. स्क्रीनवर सगळीकडे `nan`, म्हणजे 'हा आकडाच नाही', असं आलं. रात्रभर मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. सकाळी आमच्या सरांनी कोडकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "डेल्टा एक्स अर्धा केलास, मग डेल्टा टी किती केलास?"

"तेवढाच ठेवलाय, सर."

"मग फुटणारच."

त्या "फुटणारच"चा अर्थ नीट समजायला मला पुढचे दोन आठवडे लागले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

## लागणाऱ्या गोष्टी

चौकोनी रकान्यांची वही आणि पेन्सिल. पायथन आणि त्यातलं नमपाय. गणितात टेलर मालिका कशाशी खातात एवढं माहीत असलं तरी पुरे. आणि ज्या पदार्थाचं गणित करणार त्याची थर्मल डिफ्युझिव्हिटी, म्हणजे उष्णता त्यातून किती झपाट्याने पसरते तो आकडा. तो `alpha` या नावाने लिहितात आणि त्याचं एकक चौरस मीटर प्रति सेकंद. ॲल्युमिनियमसाठी तो साधारण ०.०००१ धरता येतो. पोलादाचा याहून बराच कमी असतो आणि विटेचा तर शेकडो पटींनी कमी. इथे मी एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची कांब घेतली आहे. तिची दोन्ही टोकं बर्फात, म्हणजे शून्य अंशावर धरली आहेत, आणि बाजूने उष्णता बाहेर जात नाही असं मानलं आहे.

## १. समीकरणाचं रूपांतर एका ओळीत करा

उष्णता समीकरण सांगतं की एखाद्या बिंदूचं तापमान बदलण्याचा वेग हा `alpha` गुणिले त्या जागच्या तापमान-वक्राचा बाक, म्हणजे दुसरं अवकलज, एवढा असतो. संगणकाला अवकलज कळत नाही, वजाबाकी कळते. म्हणून कांबीवर `dx` अंतराने बिंदू घ्यायचे आणि वेळ `dt` एवढ्या पायऱ्यांनी पुढे न्यायची; सरांचे डेल्टा एक्स आणि डेल्टा टी ते हेच. वेळेचं अवकलज म्हणजे 'पुढचं वजा आत्ताचं, भागिले `dt`'. बाकासाठी डावा शेजारी, उजवा शेजारी आणि स्वतः, असे तीन बिंदू पुरतात. मांडणी आवरली की एवढीच ओळ उरते:

```
u_new[i] = u[i] + r*(u[i-1] - 2*u[i] + u[i+1])
r = alpha*dt/dx^2
```

उजवीकडे सगळी आत्ताची, म्हणजे आधीच माहीत असलेली तापमानं आहेत. कुठलंही समीकरण सोडवावं लागत नाही, थेट आकडे घालायचे. म्हणूनच या पद्धतीला एक्स्प्लिसिट म्हणतात आणि म्हणूनच नवखा माणूस हीच आधी उचलतो.

आता हीच ओळ थोडी फिरवून लिहा. माझ्या मते या अख्ख्या विषयाची किल्ली इथे आहे:

```
u_new = u + 2*r*(avg - u)
```

`avg` म्हणजे दोन शेजाऱ्यांची सरासरी. म्हणजे प्रत्येक बिंदू दर पायरीला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो, आणि त्याच्यात आणि सरासरीत जेवढी तफावत आहे तिचा `2r` एवढा भाग तो कापतो. `r` पाव असेल तर निम्मी तफावत कापली जाते. `r` अर्धा असेल तर बिंदू नेमका सरासरीवर जाऊन बसतो. `r` अर्ध्याहून मोठा असेल तर तो सरासरी ओलांडून पलीकडे जातो. खऱ्या कांबीत असं कधीच होत नाही. गरम जागा शेजाऱ्यांना उष्णता देता देता स्वतःच त्यांच्याहून थंड होऊन बसत नाही.

## २. संगणक बंद करा आणि तीन पायऱ्या हाताने करा

ही पायरी टाळू नका, मी टाळली होती. वहीत अकरा रकाने आखा. मधल्या रकान्यात १०० लिहा, बाकी सगळीकडे शून्य. म्हणजे कांबीचा मधला बिंदूच तेवढा तापलेला आहे.

आधी `r` पाव घ्या. आता नवीन आकडा म्हणजे स्वतःचा अर्धा, डाव्याचा पाव आणि उजव्याचा पाव. पहिल्या पायरीनंतर मधले तीन रकाने २५, ५०, २५ होतात. दुसऱ्या पायरीनंतर मधले पाच ६.२५, २५, ३७.५, २५, ६.२५. उष्णता पसरताना दिसते, टेकडी सपाट होत जाते, सगळं मनाला पटतं.

आता `r` एक घ्या. सूत्र सोपं होतं: डावा अधिक उजवा वजा स्वतः. पहिली पायरी:

```
0  0   100  -100   100  0  0
```

मध्ये उणे शंभर! गरम जागा एका फटक्यात बर्फाच्या शंभर अंश खाली. पुढच्या दोन पायऱ्या:

```
0    100  -200   300  -200   100    0
100 -300   600  -700   600  -300  100
```

चिन्ह प्रत्येक रकान्यात उलटतं, प्रत्येक पायरीलाही उलटतं, आणि आकडे फुगत जातात. ही करवतीच्या दातांसारखी नक्षी डोळ्यांत साठवून ठेवा. पुढे आलेखात ती दिसली की चूक कुठे आहे ते लगेच कळेल.

आणखी एक गंमत करून बघा. शेवटच्या ओळीतले सगळे आकडे मिळवा. बेरीज बरोबर १०० येते. सुरुवातीलाही १००च होती. म्हणजे उष्णतेचा हिशेब चोख जुळतोय आणि उत्तर मात्र साफ खोटं आहे. "एकूण ऊर्जा जपली गेली की नाही ते तपासलं, ती जपली गेली, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर" असं मी माझ्या अहवालात लिहिणार होतो. या पद्धतीत ती तपासणी स्थिरतेबद्दल, म्हणजे आकडे फुगत जातील की नाही याबद्दल, काहीही सांगत नाही. एका बिंदूने दिलेलं दुसऱ्याने घेतलं एवढंच तिला कळतं, प्रमाणाबाहेर दिलं का ते कळत नाही.

## ३. तो 'अर्धा' कुठून आला ते समजून घ्या

अट अशी आहे: `r` अर्धा किंवा त्याहून कमी हवा. म्हणजे

```
dt <= dx^2 / (2*alpha)
```

ती पाठ करायची गरज नाही, दोन बाजूंनी ती सहज दिसते.

एक बाजू सोपी. सूत्रात स्वतःचा गुणक `1 - 2r` आहे आणि दोन्ही शेजाऱ्यांचे `r`. तिघांची बेरीज एक. `r` अर्ध्यापर्यंत असेल तर तिन्ही गुणक शून्य किंवा धन राहतात, म्हणजे नवीन तापमान हे जुन्या तीन तापमानांची भारित सरासरी असतं. सरासरी कधीही सर्वांत मोठ्याच्या वर आणि सर्वांत लहानाच्या खाली जात नाही. त्यामुळे आकडे फुगूच शकत नाहीत.

दुसरी बाजू म्हणजे अर्धा ओलांडला तर फुगतातच का. त्यासाठी सर्वांत वाईट नक्षी घ्या: अधिक, उणे, अधिक, उणे. इथे `u` असलेल्या बिंदूच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे `-u` आहे, म्हणून सरासरी `-u`, तफावत `-2u`, आणि तिचा `2r` भाग कापला की नवीन आकडा `(1 - 4r)u`. दर पायरीला या नक्षीला `1 - 4r` ने गुणलं जातं. `r` ०.४ असेल तर गुणक उणे ०.६, म्हणजे चिन्ह उलटतं पण नक्षी विरत जाते. ०.५ ला गुणक उणे एक, ना वाढ ना घट. ०.५५ ला उणे १.२, दर पायरीला वीस टक्के वाढ. चक्रवाढ व्याजच ते. माझ्या त्या रात्री `r` ०.४ वरून १.६ वर गेला होता, कारण `dx` अर्धा केला की `dx^2` पाव होतो. गुणक उणे ५.४. काही शे पायऱ्यांत आकडे संगणकाच्या मर्यादेपलीकडे जाऊन `nan` होणं अटळच होतं.

कुठलाही वक्र अशा लहान-मोठ्या लहरींत फोडायचा आणि प्रत्येक लहर दर पायरीला किती पटीने वाढते ते बघायचं, ही तपासणी जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने ओळखली जाते. या समीकरणात सर्वांत बारीक लहर सर्वांत आधी दगा देते, म्हणून तिची तपासणी झाली की काम झालं.

## ४. आता कोड लिहा, आणि dt स्वतः निवडू नका

नवख्यांना माझा एकच हट्टाचा सल्ला: `dt` हाताने टाइप करू नका. `r` ठरवा आणि `dt` त्यातून काढा. मग बिंदूंची जाळी कितीही बारीक केली तरी अट मोडत नाही.

```python
import numpy as np
alpha, L, N, T = 1e-4, 1.0, 100, 600
r  = 0.4
dx = L / N
dt = r * dx**2 / alpha
x  = np.linspace(0, L, N + 1)
u  = 100 * np.sin(np.pi * x)
u[0] = u[-1] = 0.0
for n in range(round(T / dt)):
    u[1:-1] += r * (u[2:] - 2*u[1:-1] + u[:-2])
print(dt, u.max(), 100*np.exp(-np.pi**2 * alpha * T))
```

सुरुवातीचं तापमान मुद्दाम साइनच्या आकाराचं घेतलंय, कारण त्याचं अचूक उत्तर माहीत आहे: आकार तोच राहतो आणि उंची घातांकाने घटते. `dt` ०.४ सेकंद येतो. दहा मिनिटांनंतर मधलं तापमान ५५.३१ अंश यायला हवं, आणि प्रोग्रॅमचं उत्तर त्यापासून अंशाच्या काही सहस्रांशांएवढंच हटतं. इथे तुमचं उत्तर दहा-वीस अंशांनी चुकत असेल तर दोष स्थिरतेत शोधू नका. सूत्र किंवा एकक चुकलंय.

## ५. मुद्दाम बिघडवून बघा

आता `r` ०.५१ करा. मर्यादेच्या जेमतेम वर. `range` मध्ये ५०० लिहून चालवा. मधलं तापमान सुमारे ७८ अंश येईल, आलेख लोण्यासारखा. अट वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत असं वाटेल. मग १२०० पायऱ्या चालवा. कांबीचा मागमूस उरलेला नसेल, नुसते करवतीचे दात, तेही हजारो अंशांचे.

हे कुठून आलं? सुरुवात तर गुळगुळीत होती, त्यात दातेरी नक्षी नव्हतीच. ती आली संगणकाच्या पूर्णांकनातून. सुमारे सोळाव्या अंकाला प्रत्येक आकड्याची शेपटी कापली जाते, त्या कापलेल्या कणांत दातेरी नक्षीचा अंश असतोच, आणि दर पायरीला तो साधारण चार टक्क्यांनी वाढतो. पाचशे पायऱ्यांनंतरही तो अंशाच्या लक्षांशाहून लहान असतो, म्हणून दिसत नाही. हजाराच्या आसपास तो डोळ्यांना दिसू लागतो, आणि त्यानंतर थांबत नाही.

"थोडा वेळ चालवून बघितलं, ठीक होतं" हा पुरावा म्हणून का चालत नाही ते यावरून कळेल. जाळी फारच जाड असेल, म्हणजे दहाच भाग असतील, तर ०.५१ ला काहीही होणार नाही हेही करून बघा. टोकं बांधलेली असल्यामुळे तिथे सर्वांत बारीक लहर पूर्ण दातेरी होऊ शकत नाही आणि खरी मर्यादा अर्ध्याच्या किंचित वर, ०.५१२ च्या आसपास जाते. भाग वाढवले की ती सूट संपते. जाड जाळीवर चाचणी करून बारीक जाळीवर तोच `r` वापरणारे इथे फसतात.

## ६. बारीक जाळीची किंमत आधीच मोजा

`dt` ची मर्यादा `dx` च्या वर्गावर अवलंबून आहे, त्यामुळे बिल झपाट्याने वाढतं. आपल्याच कांबीचं एक तासाचं गणित घ्या. `dx` एक सेंटिमीटर असेल तर `dt` जास्तीत जास्त अर्धा सेकंद, म्हणजे ७,२०० पायऱ्या आणि शंभर बिंदू: सव्वासात लाखांच्या आत गणितं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतात. `dx` एक मिलिमीटर केला तर `dt` ०.००५ सेकंद, सात लाख वीस हजार पायऱ्या, हजार बिंदू: ७२ कोटी. आणखी दहापट बारीक केलं तर ७२ हजार कोटी. `dx` दहापट बारीक झाला की काम हजारपट होतं. तापमान तर मिनिटामिनिटांनी हळूहळू बदलतंय. म्हणजे एवढ्या बारीक पायऱ्या अचूकतेसाठी लागत नाहीत, निव्वळ दात फुटू नयेत म्हणून घ्याव्या लागतात.

अचूकतेचा विषय निघालाच आहे तर एक छान गोष्ट. `r` बरोबर एक षष्ठांश घेतला तर वेळेतली चूक आणि अंतरातली चूक एकमेकींना खोडून काढतात आणि उत्तर अनपेक्षित चांगलं येतं. वरच्या कोडमध्ये `r = 1/6` घालून बघा. कांब एकसारखी असेल आणि सुरुवात गुळगुळीत असेल तरच ही मेजवानी मिळते, पण ती मिळते.

## ७. हमखास फसायच्या जागा

कांबीवरून पत्र्यावर जाताना. दोन मितींत चार शेजारी असतात आणि स्वतःचा गुणक `1 - 4r` होतो. `dx` आणि `dy` सारखे असतील तर मर्यादा पाव, तीन मितींत एक षष्ठांश. कांबीचा ०.४ पत्र्याला लावला की बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते.

जुन्या-नव्याची मिसळ. वरच्या कोडमध्ये नमपाय उजवी बाजू पूर्ण काढून मगच `u` बदलतं, म्हणून चालतं. तेच तुम्ही `for i` लावून एकेक बिंदू `u` मध्येच बदलत गेलात तर डावा शेजारी नवा आणि उजवा जुना होतो. प्रोग्रॅम फुटत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. ओळखायची खूण: वहीतल्यासारखी मध्ये एकच शंभर घेऊन एक पायरी चालवा. डावी-उजवी बाजू सारखी आली नाही तर हाच रोग आहे.

पूर्णांकांची यादी. `np.array([0, 0, 100, 0, 0])` लिहिलं की नमपाय त्यात पूर्णांकच ठेवतं. वरच्या `+=` ला ते चूक दाखवून थांबतं, ते बरंच. पण `u[1:-1] = ...` असं लिहिलंत तर अपूर्णांक गुपचूप कापले जातात आणि उष्णता हळूहळू गायब होते. `100.0` लिहा.

एककं. `dt` हातानेच टाइप केला असेल आणि `alpha` मीटरमध्ये, `dx` मिलिमीटरमध्ये घेतला असेल, तर `r` दहा लाख पटींनी लहान होतो. काहीच फुटत नाही, पण काहीच हलतही नाही. चालवण्याआधी `r` छापून बघायची सवय यासाठीच.

वेळेतही मध्य अंतर घेण्याचा मोह. 'पुढचं वजा आत्ताचं' ऐवजी 'पुढचं वजा मागचं, भागिले दोन `dt`' घेतलं तर अचूकता वाढेल असं कागदावर दिसतं. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९१० मध्ये हीच मांडणी वापरली होती. उष्णता समीकरणासाठी ती कुठल्याही `dt` ला अस्थिर आहे, कितीही लहान घ्या. हाताने थोड्याच पायऱ्या केल्या तर ते लक्षात येत नाही.

मोकळ्या हवेतलं टोक. टोक बर्फात न धरता हवेत ठेवलं, तर त्या टोकाच्या बिंदूची स्वतःची, अधिक कडक अट असते: `r*(1 + h*dx/k) <= 1/2`. इथे `h` म्हणजे हवा किती उष्णता नेते तो गुणांक आणि `k` पदार्थाची उष्णतावाहकता. ॲल्युमिनियममध्ये `k` इतका मोठा असतो की फरक पडत नाही. पण विटेच्या भिंतीत `k` ०.७, `h` २५ आणि `dx` दोन सेंटिमीटर घेतले तर `h*dx/k` ०.७१ येतो आणि मर्यादा ०.२९ वर घसरते. ०.४५ घेऊन निर्धास्त बसलात तर टोकाचा बिंदू पायरीगणिक खालीवर हेलकावे खाताना दिसेल. त्याच्या सूत्रातला स्वतःचा गुणक उणे झाला की नाही, एवढं तपासा.

## ८. ही पद्धत कधी सोडायची

तुमच्या प्रश्नात भिंतीला चिकटलेला धातूचा पातळ पत्रा असेल, तर सर्वांत लहान `dx` आणि सर्वांत मोठा `alpha` एकाच जागी येतात, आणि अख्ख्या भिंतीचा `dt` तो पत्रा ठरवतो. भिंतीचं तापमान दिवसभराचं हवंय आणि पाऊल मात्र मिलिसेकंदाचं पडतंय, अशी वेळ आली की इम्प्लिसिट पद्धतीकडे वळा. तिथे उजव्या बाजूला पुढच्या वेळेची तापमानं येतात, दर पायरीला तीन कर्णांचा एक समीकरण-संच सोडवावा लागतो, पण `dt` ला स्थिरतेचं बंधन उरत नाही. जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांची १९४७ ची पद्धत याच घराण्यातली. तिथेही फार मोठा `dt` आणि सुरुवातीला तापमानाची तीव्र उडी असेल तर दात दिसतात, फक्त ते वाढत नाहीत, हळूहळू विरतात.

कांबीच्या शंभर बिंदूंसाठी मात्र मी अजूनही वरची एक ओळच लिहितो, `r` ०.४ ठेवून.